ट्रेनिंग बाँडची रक्कम आणि अडवलेलं रिलीव्हिंग लेटर

प्रश्न : "दोन वर्षांचा दोन लाखांचा ट्रेनिंग बाँड सही केला होता, सोबत एक कोरा चेकही घेतला होता. पंधरा महिन्यांनी राजीनामा दिला, नोटीस पूर्ण केली. आता एचआर म्हणतं, दोन लाख आणि वर १८ टक्के जीएसटी भरा, तरच रिलीव्हिंग मिळेल. शेवटचा पगार ३२ हजारही अडकवलाय. ट्रेनिंग तीन महिने होतं, पण बाहेरचा ट्रेनर दोनच आठवडे आला. नवी कंपनी महिनाभरात लेटर मागतेय. किती भरू आणि कसं बोलू?"

मी बरीच वर्षं एचआरमध्ये काढली आहेत, म्हणजे टेबलाच्या पलीकडून ही बोलणी पाहिली आहेत. कंपनीची खरी ताकद त्या स्टॅम्पपेपरमध्ये नसते. ती तुमच्या महिनाभराच्या मुदतीत असते आणि एचआरला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून पहिला मेल जुन्या कंपनीला करू नका, नव्या कंपनीला करा. राजीनामा स्वीकारल्याचा मेल, शेवटच्या तीन पगाराच्या स्लिपा आणि ईपीएफओच्या पोर्टलवरची सर्व्हिस हिस्टरी जोडा. "फुल अँड फायनल चालू आहे, रिलीव्हिंग मिळाल्यावर देतो" असं हमीपत्र द्या. बऱ्याच कंपन्या यावर जॉइन करून घेतात आणि लेटरला मुदतवाढ देतात. ती लेखी मिळाली की तुमच्या बोलण्याचा सूरच बदलतो. पीएफमध्ये जुन्या कंपनीने बाहेर पडल्याची तारीख टाकली नाही, तर शेवटचा हप्ता जमा झाल्यानंतर दोन महिन्यांनी ती तुम्ही स्वतः टाकू शकता. त्यासाठी त्यांच्या दारात जायला नको.

आता रक्कम. जीएसटी आधी खोडून काढा, कारण तिथे वादच नाही. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात (क्रमांक १७८) स्पष्ट केलंय की मुदतीआधी नोकरी सोडल्याबद्दल घेतलेल्या बाँडच्या रकमेवर जीएसटी लागत नाही. ३६ हजार तिथेच गेले. शिवाय हा मुद्दा लेखी मांडला की फाइल एचआरकडून फायनान्सकडे जाते, आणि तुम्हाला नेमकं तेच हवं असतं. समोरच्या एक्झिक्युटिव्हला एक रुपया कमी करायचा अधिकार नसतो, म्हणून तो "पॉलिसी आहे" एवढंच म्हणत राहतो. त्याच्याशी हुज्जत घालू नका. एचआर हेड आणि फायनान्स दोघांना मेलमध्ये घ्या.

"बाँड बेकायदा आहे" हे वाक्य मात्र टाळा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांचा, दोन लाखांचा बाँड वैध ठरवला, आणि एचआर तो निकाल तुमच्या तोंडावर मारेल. तिथे सरकारी बँक होती, जाहीर भरती प्रक्रियेचा खर्च होता, ही परिस्थिती वेगळी. पण बाँड मुळातच रद्दबातल असतो, हे त्या निकालानंतर कुणाला पटवता येणार नाही. तुमचा मुद्दा वेगळा आहे. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, आणि तिच्या आत वाजवी भरपाईच मिळते. दिल्ली उच्च न्यायालयाचं २०११ चं सिक्पा इंडियाचं प्रकरण वाचा. बाँड तीन वर्षांचा, दोन लाखांचा. ट्रेनिंगवर खरा खर्च निघाला ६७,५९५ रुपये, आणि माणसाने दोन वर्षं काम केलं होतं. लवादाने खर्चाचे तीन भाग करून उरलेल्या एका वर्षाचे २२,५३२ रुपये दिले, न्यायालयाने तेच कायम ठेवलं.

हाच हिशेब तुमच्यावर लावा. आकडा जसाच्या तसा धरला तरी २४ पैकी ९ महिने उरलेत, म्हणजे ७५ हजार. इथे बाँडचं एक कलम नीट वाचा: मुदत जॉइनिंगपासून मोजायची की ट्रेनिंग संपल्यापासून? ट्रेनिंग संपल्यापासून असेल तर तुमचे बाराच महिने भरतात आणि आकडा एक लाखावर जातो. हे न पाहता बोलायला गेलात तर पहिल्याच कॉलवर गारद व्हाल.

त्याच्या खाली उतरायचं तर खर्चाचा तपशील मागा. मेल इंग्रजीत लिहा, आशय असा: "माझ्या ट्रेनिंगवर झालेल्या प्रत्यक्ष खर्चाचा तपशील, बाहेरच्या ट्रेनरच्या बिलासह आणि माणशी विभागणीसह द्यावा. फुल अँड फायनलचा हिशेबही द्यावा. वाजवी रक्कम भरून विषय मिटवण्याची माझी तयारी आहे." शेवटचं वाक्य गाळू नका, पुढेमागे प्रकरण लवादापुढे गेलं तर तेच कामी येतं. उत्तरात बहुतेक तीन महिन्यांचा पगार "ट्रेनिंग खर्च" म्हणून धरलेला दिसेल. त्या काळात तुम्हाला प्रोजेक्टवर टाकलं असेल, तर टिकेट किंवा टाइमशीट दाखवा आणि तो भाग वगळायला सांगा. तपशील आलाच नाही तर त्यांच्याकडे बिलं नाहीत असं समजायला हरकत नाही. उलट परदेशी पाठवलं असेल किंवा महागडं सर्टिफिकेशन करून दिलं असेल, तर बिल समोर येईल आणि ते प्रमाणात भरणंच शहाणपणाचं.

अडकवलेला पगार याच हिशेबात ओढा. पगारही ठेवायचा आणि वर पूर्ण रक्कमही मागायची, ही दुहेरी वसुली झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनामा दिलेल्याचा पगारही दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा आहे, आणि ती संहिता मॅनेजर-इंजिनिअर सगळ्यांना लागू आहे. तक्रारीची धमकी पहिल्या मेलमध्ये नको, कलमाचा उल्लेख पुरे.

मी तुमच्या जागी असतो तर ४० हजारांपासून सुरुवात केली असती. त्यातून ३२ हजार पगार वजा केला की खिशातून जातात आठ हजार. मुदत जॉइनिंगपासून असेल तर वरची हद्द ७५ हजार, म्हणजे खिशातून ४३ हजार. मधे कुठेतरी थांबेल. रजेचे पैसे निघत असतील तर तेही वजा करायला लावा. नवी कंपनी बाँड भरून देते म्हणाली तर आधी तिची अट वाचा, एका बाँडमधून निघून दुसऱ्यात जाल.

चेकचं आधी पाहा. स्टॉप पेमेंट लावून गप्प बसणं धोक्याचं, त्यावरही कलम १३८ ची नोटीस येऊ शकते. आजच लेखी कळवा की तो कोरा चेक फक्त तारण म्हणून दिला होता, रक्कम ठरलेली नाही, वटवायला टाकू नये. तरीही टाकला आणि परत गेला, तर नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवस असतात; त्यात वकिलामार्फत उत्तर गेलंच पाहिजे.

आकडा ठरला की पैसे लगेच पाठवू नका. आधी एका मेलवर सगळं कबूल करून घ्या: ही रक्कम पूर्ण आणि अंतिम, पुढे कुठलीही मागणी नाही, रिलीव्हिंग आणि अनुभव पत्रावर तारीख तुमच्या शेवटच्या कामाच्या दिवसाची, पैसे भरल्याची नव्हे, मूळ बाँड आणि चेक परत, पडताळणीचा फोन आला तर "ड्यूज नाहीत" असंच उत्तर. दोन्ही लेटरचे मसुदे मागवून तारीख, हुद्दा आणि नावाचं स्पेलिंग तपासा. मग स्वतःच्या खात्यातून एनईएफटी करा, रोख नाही, आणि त्याच दिवशी सही केलेली लेटर मेलवर घ्या. "सिस्टिमला आठवडा लागतो" असं म्हणाले, तर पैसेही आठवड्याने जातील.