ऑफिसच्या चॅटवर मी ‘प्लीज एक्सप्लेन मी’, ‘सजेस्ट मी’, ‘रिक्वेस्ट यू टु’ असं लिहितो आणि सिनियर हसतात. यात नक्की काय चुकतं? आणि इंग्रजी कशी सुधारू?

पहिली दोन चूक आहेत, तिसरं चूक नाही. तुमचे सिनियर तिन्हींना हसत असतील तर त्यांनाही अर्धंच येतं.

एवढं लिहून थांबणार होते, पण हा वाद मी हिंजवडीत एका कंपनीत असताना मोठ्या तोंडाने घातलेला आहे आणि तो अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. मी बिलिंग टीममध्ये होते. क्लायंट इंग्लंडमधला. आमच्या माणसांचे तास त्यांनी मंजूर करायचे, त्यावर आमचं बिल निघायचं. टीममध्ये बार्शीचा एक मुलगा नवीन आला होता. हिशेबाला पक्का, एक्सेल त्याच्या हातात खेळायचं. मार्चच्या बिलातून क्लायंटने काही रक्कम कापून पैसे पाठवले, तेव्हा त्याने क्लायंटच्या माणसाला पाठवण्यासाठी मेसेज लिहिला आणि आधी मॅनेजरला दाखवला. मजकूर असा होता:

‘हाय, प्लीज एक्सप्लेन मी द डिडक्शन इन द मार्च पेमेंट. ऑल्सो सजेस्ट मी हाऊ टु प्रोसीड. रिक्वेस्ट यू टु शेअर द अप्रूव्ड टाइमशीट्स बाय थर्सडे.’

मॅनेजर साहेब कॅम्पातल्या कॉन्व्हेंटचे, आणि ते दिवसातून एकदा तरी सांगायचे. त्यांनी त्या मेसेजचा फोटो काढला, तिन्ही ठिकाणी लाल रेघा मारल्या आणि टीमच्या ग्रुपवर टाकला. खाली हसणारे चेहरे. मुलगा माझ्या शेजारी बसायचा. म्हणाला, “ताई, तिन्ही चूक आहेत का हो?” मी म्हटलं, दोन.

साहेबांनी दुरुस्त करून मेसेज पाठवला. पहिली दोन वाक्यं त्यांनी बरोबर सुधारली, ते मान्य. तिसऱ्याचं मात्र ‘वी सजेस्ट यू टु शेअर द अप्रूव्ड टाइमशीट्स बाय थर्सडे’ असं केलं. कारण काय, तर रिक्वेस्ट म्हणजे भीक मागितल्यासारखं वाटतं, आणि शिवाय ‘रिक्वेस्ट यू’ हे ‘एक्सप्लेन मी’सारखंच गावठी. मी तिथल्या तिथे म्हटलं की सर, बरोबर होतं ते तुम्ही चूक केलंत. ते म्हणाले, “तुम्ही बिलं बघा.” क्लायंटचं उत्तर आलं: सूचनेबद्दल आभार, टीमशी बोलतो. गुरुवार गेला, टाइमशीट्स पुढच्या आठवड्यात आल्या आणि तोवर पुढचं बिल अडकून राहिलं. आम्ही मागणी केलीच नव्हती, सल्ला दिला होता, आणि सल्ला मानायचा की नाही हे ऐकणाऱ्याने ठरवायचं असतं.

आता मुद्द्याचं. कोणत्या क्रियापदाच्या मागे ‘टु’शिवाय थेट माणूस चालतो हे ओळखायचं असेल तर वाक्य उलटं करून बघा, म्हणजे त्या माणसाला कर्ता करून कर्मणी प्रयोग करा. ‘आय वॉज टोल्ड’ म्हणता येतं, म्हणून ‘टेल मी’ बरोबर. ‘आय वॉज गिव्हन’ म्हणता येतं, म्हणून ‘गिव्ह मी’ बरोबर. ‘शी वॉज रिक्वेस्टेड टु वेट’ म्हणता येतं, नोटीस बोर्डावर तर ‘यू आर रिक्वेस्टेड टु’ रोज वाचता. म्हणून ‘रिक्वेस्ट यू टु’ व्याकरणात बसतं. आता ‘आय वॉज एक्सप्लेन्ड’ म्हणून बघा. त्याचा अर्थ होतो की मी एखादं प्रमेय आहे आणि कुणीतरी फळ्यावर माझी फोड करून दाखवली. तुमच्याबद्दल तसं म्हणायचं नसेल तर ‘एक्सप्लेन मी’ही म्हणायचं नाही. एक्सप्लेनला कर्म म्हणून हवी असते ती समजावण्याची गोष्ट. माणूस यायचाच असेल तर ‘टु’ला धरून येतो.

सजेस्टचंही तेच. ‘ही सजेस्टेड मी फॉर द रोल’ हे मात्र बिनचूक आहे, कारण तिथे सुचवलेली वस्तू म्हणजे मीच. यावरून ‘सजेस्ट मी अ डेंटिस्ट’ का खटकतं ते कळेल: इंग्रजी कानाला आधी असं वाटतं की डेंटिस्टच्या जागी तुमचंच नाव सुचवायला सांगताय. आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवड्याला एक तरी ‘प्लीज सजेस्ट मी गुड प्लंबर’ पडतं. प्लंबर मिळतो, त्यामुळे कुणाचं अडत नाही, ही गोष्ट वेगळी.

साहेब जिथे पडले तो खड्डा मात्र फसवा आहे, आणि स्वतःला इंग्रजी येतं म्हणणारे बरेच जण त्यात पडतात. ‘आय सजेस्ट यू टॉक टु हिम’ हे वाक्य बरोबर आहे. मग माणूस म्हणतो, बघा, सजेस्टच्या मागे ‘यू’ चाललं की! चाललं, पण तो ‘यू’ सजेस्टचा नाही, टॉकचा आहे. तुमच्या जागी तिसरा माणूस घालून बघा. ‘आय सजेस्ट ही टॉक्स टु हर’ असं होतं, तिथे ‘हिम’ येत नाही. म्हणजे तो पुढच्या क्रियेचा कर्ता आहे, मागच्याचं कर्म नाही, आणि कर्त्यामागे ‘टु टॉक’ लावता येत नाही. रिक्वेस्टमध्ये उलट आहे: ‘आय रिक्वेस्ट हिम टु टॉक’. तिथे ‘हिम’ही येतो आणि ‘टु’ही येतो. कर्ता असो की कर्म, ‘यू’ दोन्हीकडे सारखाच दिसतो म्हणून हा घोळ लपून राहतो. ‘ही’ आणि ‘हिम’ घालून बघितलं की उघडा पडतो. मी हे साहेबांना कागदावर लिहून दाखवलं होतं. त्यांनी कागद घेतला, घडी केली, आणि चहाला गेले.

आपल्याकडून हे का होतं ते सोपं आहे. ‘मला मारलं’ आणि ‘मला समजावलं’ दोन्हीकडे आपला ‘ला’ एकच. मारलेला माणूस आणि ज्याला समजावलं तो माणूस, मराठी दोघांना एकाच रांगेत बसवते. टेल, गिव्ह, शो, सेंड, टीच ही घरगुती जुनी इंग्रजी क्रियापदं आपल्यासारखीच वागतात. एक्सप्लेन, सजेस्ट, डिस्क्राइब हे लॅटिनमधून आलेले पाहुणे, ते ‘टु’शिवाय माणसाला जवळ करत नाहीत. (हा पक्का नियम नव्हे. प्रॉमिसही लॅटिनकडचंच, पण ‘ही प्रॉमिस्ड मी’ बिनधास्त चालतं.) आणि हो, ‘एक्सप्लेन मी’ ही मराठी माध्यमाची खूण आहे असं कुणी म्हणालं तर त्याला सांगा की स्पॅनिश आणि फ्रेंच बोलणारेही इंग्रजी शिकताना नेमकं हेच लिहितात. त्यांना कुणी गावठी म्हणत नाही.

छोट्या मेसेजमध्ये यावर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे ‘मी’ हा शब्द खोडून टाकणे. मेसेज तुम्हीच पाठवताय, मग समजावून सांगायचं ते शेजाऱ्याला थोडंच? ‘प्लीज एक्सप्लेन द डिडक्शन’ पुरतं. ‘प्लीज सजेस्ट अ प्लंबर’ पुरतं. माणूस दुसरा असेल किंवा मुद्दाम सांगायचा असेल तेव्हाच ‘टु’ आणा. गोष्ट छोटी असेल तर ‘टु’ शेवटी: ‘एक्सप्लेन धिस टु द क्लायंट’. गोष्ट लांबलचक असेल तर ‘टु’ मध्ये घ्या, नाहीतर वाक्य शेवटी धापा टाकतं: ‘एक्सप्लेन टु द क्लायंट हाऊ वी कॅल्क्युलेटेड द अवर्स’. त्या मुलाचा मेसेज मी असा लिहिला असता: ‘हाय, कुड यू प्लीज एक्सप्लेन द डिडक्शन इन द मार्च पेमेंट, अँड सजेस्ट हाऊ वी शुड प्रोसीड? प्लीज शेअर द अप्रूव्ड टाइमशीट्स बाय थर्सडे.’

तुम्ही म्हणाल, रिक्वेस्ट बरोबर होतं तर मग काढलं का? व्याकरणाने बरोबर असलं तरी तिकडच्या माणसाला ते सरकारी पत्रासारखं जड वाटतं, आणि ‘रिक्वेस्ट यू टु’ असं सुरू केलं की कर्ता गायब असतो. मराठीत ‘विनंती करते’ म्हटलं की क्रियापदातच मी येते. इंग्रजीत ‘आय’ किंवा ‘वी’ लिहावं लागतं. चॅटवर गाळलं तर कुणी फाशी देत नाही, पण औपचारिक ईमेलमध्ये लिहा. म्हणजे साहेबांना तो शब्द जड वाटला होता यात थोडं तथ्य होतं, हे मी आज मान्य करते. त्यांचं कारण चूक होतं आणि औषध त्याहून चूक.

रिक्वेस्टची खरी चूक वेगळीच आहे आणि ती कुणी लाल रेघेने दाखवत नाही: ‘आय रिक्वेस्ट यू फॉर लीव्ह’, ‘रिक्वेस्टिंग फॉर अ‍ॅन एक्स्टेन्शन’. क्रियापद असताना ‘फॉर’ नको, ‘आय रिक्वेस्ट लीव्ह’ म्हणा. नाम असेल तेव्हाच ‘अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह’. तसंच ‘रिक्वेस्ट यू द फाइल’ही होत नाही. माणूस घेतला की मागे ‘टु’ आणि क्रिया हवी.

एक राहिलंच. ‘रेकमेंड मी अ बुक’ हे ब्रिटनमधली माणसंही बोलताना म्हणतात, त्यामुळे तिथे कुणाला टोकायला जाऊ नका. लिहिताना मात्र ‘मी’ गाळलेलाच बरा. आणि ‘अ‍ॅडव्हाइज मी’, ‘इन्फॉर्म मी’ ही दोन्ही बरोबर आहेत. वरची परीक्षा लावून बघा, दोन्ही पास होतात. हे मुद्दाम सांगते, कारण लाल रेघांच्या त्या प्रकरणानंतर आमच्या टीममधल्या निम्म्या लोकांनी घाबरून ‘प्लीज इन्फॉर्म टु मी’ लिहायला सुरुवात केली होती.