अध्यक्षांनी सर्वांत शेवटी बोलावे

प्रश्न : सरकारी समितीत अध्यक्षांच्या मताला सगळेच होकार देतात. वेगळे मत निर्णयाआधी खरोखर ऐकले जावे म्हणून काय करता येईल?

इंदूरमध्ये एका सरकारी खात्यात मी बरीच वर्षे समित्यांचा सदस्य-सचिव होतो. एकदा 5 जणांच्या समितीला पंपघराची जागा ठरवायची होती. नस्ती उघडताच अध्यक्ष म्हणाले, “नाल्याकाठची जागा मला ठीक वाटते,” आणि वीसेक मिनिटांत ठराव सर्वानुमते झाला. बाहेर चहा घेताना तरुण उपयंत्री मला म्हणाला, “साहेब, गेल्या पावसाळ्यात मी तिथे कंबरभर पाणी पाहिलंय.” मी ते अध्यक्षांच्या कानावर घातले नाही, याची खंत आजही वाटते, कारण पुढच्याच पावसाळ्यात पंपाच्या मोटारी पाण्यात गेल्या.

त्या उपयंत्र्याचा सीआर, म्हणजे गोपनीय अहवाल, अध्यक्षच लिहिणार होते, हे तो गप्प राहण्याचे एक कारण. दुसरे असे की बाकीचे शांत बसलेले पाहून प्रत्येकाला शंका आपल्या एकट्याचीच वाटते. हरकती बैठकीत न निघता चहाच्या टपरीवर निघत असतील, तर ती एकमताची नव्हे, दबलेल्या मतांची खूण समजावी.

लष्करात यावर जुना उपाय आहे. आर्मी रूल्स, 1954 प्रमाणे कोर्ट मार्शलमध्ये निष्कर्षावर मत विचारताना सुरुवात सर्वांत कनिष्ठ सदस्यापासून होते, म्हणजे वरिष्ठांचे मत ऐकून आपले बदलण्याची वेळच त्याच्यावर येत नाही. त्या पावसाळ्यानंतर मी हाच क्रम आमच्याकडे आणला आणि त्याला एक लेखी पायरी जोडली. बैठकीच्या 2 दिवस आधी प्रत्येक सदस्य अर्ध्या पानावर आपली शिफारस आणि ती कशामुळे फसू शकते, हे लिहून सचिवाकडे देई. त्या शंका मी बैठकीच्या सुरुवातीला नावे न घेता वाचून दाखवी, आणि अध्यक्ष शेवटी बोलत.

मात्र 5 जणांत नाव फार काळ लपत नाही. कंबरभर पाणी कोणी पाहिले असेल, हे कुणीही ओळखले असते. म्हणून हरकतीचे रूपांतर तपासता येईल अशा प्रश्नात करावे : पुराची सर्वोच्च पातळी किती, आणि चौथरा तिच्याहून किती उंच? शेजारच्या पुलावरील पाण्याची खूण मोजून याचे उत्तर मिळाले असते, आणि त्यात कुणाचा अवमानही झाला नसता.

रिझर्व्ह बँकेच्या 6 सदस्यांच्या पतधोरण समितीत प्रत्येकाची मते कारणांसह, नावानिशी, बैठकीनंतर 14व्या दिवशी प्रसिद्ध होतात. जिथे सदस्याची बढती अध्यक्षांच्या हातात असते, तिथे मी नावाचा आग्रह धरणार नाही, पण प्रत्येक हरकत आणि तिला मिळालेले उत्तर इतिवृत्तात आलेच पाहिजे. उत्तराचा रकाना रिकामा असेल, तर सचिवाने ठराव सहीसाठी पुढे पाठवू नये.