एचआरला मेल टाकण्याआधी

अप्रेंटिसशिपबद्दल एचआरला पाठवायचा तुझा मेल वाचला. 'वर्षानंतर परमनंट करणार का?' असं थेट विचारलंस तर 'परफॉर्मन्स बघून ठरवू' एवढंच उत्तर येईल. आधी हे विचारून घे, की करार अप्रेंटिस कायद्याखालचा आहे की कंपनीचा स्वतःचा 'डिप्लोमा ट्रेनी'चा. १९६१ च्या त्या कायद्यात अप्रेंटिस कामगार धरला जात नाही आणि करारात लिहिलं नसेल तर नोकरी देणं कंपनीवर बंधनकारक नाही. मात्र २०१४ च्या दुरुस्तीनंतर अप्रेंटिसना नोकरीत घेण्याबाबत कंपनीने आपलं धोरण ठरवायचं असतं. करार त्या कायद्याखालचा असेल, तर तेच धरून लिही:

"सर, नमस्कार. अप्रेंटिसना घेण्याबाबत कंपनीचं धोरण काय आहे? मागच्या बॅचमधले किती जण कंपनीच्या रोलवर आले आणि कोणत्या ग्रेडला? विद्यावेतनाशिवाय बस, कँटीन, शिफ्ट अलाउन्स मिळतो, की त्याचे पैसे कापले जातात?"

'कंपनीच्या रोलवर' हे शब्द गाळू नकोस. बऱ्याच ठिकाणी 'घेतलं' म्हणजे ठेकेदाराकडे घेतलं. ओव्हरटाइमचा दर मात्र विचारू नकोस. सरकारी अप्रेंटिसशिप सल्लागाराच्या मंजुरीशिवाय अप्रेंटिसला ओव्हरटाइम लावताच येत नाही. उत्तर फोनवर आलं, तर 'आपलं असं बोलणं झालं' म्हणून तेच मुद्दे त्याच दिवशी मेलवर टाक.