वायूच्या गणितात काय स्थिर धरायचं, आणि केल्विन का करायचं

प्रश्न: फुग्यात २७ अंश सेल्सिअसला २ लिटर हवा आहे. ५४ अंशांना आकारमान किती? तापमान दुप्पट झालं म्हणून मी ४ लिटर लिहिलं, पुस्तकात २.१८ दिलंय. शिवाय काय स्थिर आहे हे गणितात लिहिलेलंच नसतं, ते ओळखायचं कसं? (अकरावी सायन्स, जुळे सोलापूर)

उत्तर:

आधी मेडिकलमधून २० मिलीची एक सिरिंज आण, सुई नको. दट्ट्या १० च्या रेघेवर आण आणि पुढचं तोंड बोटानं घट्ट दाब. आत आता १० मिली हवा अडकलीय. तुला अकरावीला असलेले बहुतेक वायुनियम या सिरिंजमध्ये दिसतात.

बोट तसंच ठेवून दट्ट्या हळूहळू आत दाब. हवा ५ मिलीत आली की आतला दाब दुप्पट होतो. हळू दाबल्यामुळे हवेला सिरिंजच्या भिंतीतून उष्णता बाहेर टाकायला वेळ मिळतो, म्हणून तापमान खोलीइतकंच राहतं. हा बॉईलचा नियम. सायकलच्या पंपानं भराभर हवा भरताना पंपाचं टोक गरम लागतं, कारण तिथे तो वेळच मिळत नाही. म्हणून गणितात ‘हळूहळू’ किंवा ‘त्याच तापमानाला’ असे शब्द दिसले की तापमान स्थिर.

आता दट्ट्या मोकळा सोड आणि सिरिंज गरम पाण्यात धर. हवा फुगते, दट्ट्या बाहेर सरकतो, आणि बाहेरच्या हवेचा रेटा आतल्या दाबाइतका झाला की थांबतो. बाहेरचा दाब बदललेला नाही, म्हणजे आतलाही नाही. दाब स्थिर, हा चार्ल्सचा नियम. तुझा फुगा म्हणजे हाच मोकळा दट्ट्या. रबराचा थोडा ताण असतो, पण शाळेच्या गणितात तो धरत नाहीत.

दट्ट्या अंगठ्यानं जागेवर दाबून धरला आणि मग गरम केलं, तर हवेला पसरायला जागा नाही. आकारमान स्थिर, दाब वाढणार. हा गे-लुसॅकचा नियम. गणितात याची खूण म्हणजे ‘पोलादी टाकी’, ‘बंद सिलिंडर’ किंवा इंग्रजी प्रश्नातला ‘रिजिड’ हा शब्द.

चौथी गोष्ट मुलं हमखास विसरतात. बोट काढून टाकलं तर दाब बाहेरचाच, दट्ट्या धरलेला म्हणून आकारमानही तेच, पण गरम केलं की हवाच बाहेर जाते. इथे वायूचं प्रमाण, म्हणजे मोल, बदलतं आणि n × T स्थिर राहतं. उघडा चंबू २७ वरून १२७ अंशांवर नेला तर ३००/४००, म्हणजे तीन चतुर्थांश हवा आत उरते आणि एक चतुर्थांश बाहेर पडते. वरचे तिन्ही नियम लावताना बोट तोंडावर घट्ट आहे हे आपण न बोलता धरलेलं असतं.

म्हणून गणित वाचताना सूत्र शोधू नकोस, भांडं शोध. भिंत हलते का? तोंड बंद आहे का? उष्णता आत-बाहेर जायला वेळ आहे का? याची उत्तरं बहुतेक वेळा भांड्याच्या नावातच असतात. दाब, आकारमान आणि तापमान या तिन्हींच्या बदललेल्या किमती दिल्या असतील (हवामानाचा फुगा वर जातो, तशी गणितं), तर तिन्हींपैकी काहीच स्थिर धरू नकोस, PV/T दोन्हीकडे सारखं लिही.

आता केल्विन. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी खोलीत ३७ अंश सहज असतात. त्या वेळी सिरिंजमध्ये १० मिली हवा घेऊन ती बर्फाच्या पाण्यात धर. सेल्सिअसनं गणित केलंस तर १० × ०/३७, म्हणजे शून्य मिली! बर्फात घातल्याबरोबर हवा नाहीशी झाली, असं ते गणित सांगतं. प्रत्यक्षात दट्ट्या जेमतेम सव्वा मिली आत येतो. केल्विननं बघ: १० × २७३/३१० = ८.८ मिली. (सिरिंजचं रबर घासतं, त्यामुळे दट्ट्या अडकतो. दोनदा हलकेच हलवून मग वाच.)

कारण सेल्सिअसचा शून्य म्हणजे पाणी गोठण्याची खूण. हवेला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. निरनिराळ्या तापमानांना वायूचं आकारमान मोजून आलेख काढला तर सरळ रेघ येते, आणि ती मागे वाढवली तर उणे २७३.१५ अंशांवर आकारमान शून्य दाखवते. खरा वायू त्याआधीच द्रव होतो, पण रेघ जिथे टेकते तिथून मोजायला सुरुवात केली तरच ‘तापमान दुप्पट, आकारमान दुप्पट’ हे खरं ठरतं. केल्विनचं मोजमाप तिथूनच सुरू होतं. तुझ्या गणितात तापमान २७ चं ५४ झालं नाही, ३०० चं ३२७ झालं: २ × ३२७/३०० = २.१८. फुगा खरोखर ४ लिटरचा व्हायला ६०० केल्विन, म्हणजे ३२७ अंश सेल्सिअस लागतील. तिथे रबर टिकणार नाही.

आता एक गणित पूर्ण करू, कारण यात एक वेगळा खड्डा आहे. जानेवारीतली पहाट, १७ अंश. पंपावर गाडीत ३२ ची हवा भरली. पंढरपूरला जाऊन आलो, टायरमधली हवा ४७ अंशांवर गेली. आता काटा किती दाखवेल?

टायर जवळजवळ फुगत नाही आणि वॉल्व्ह बंद आहे. म्हणजे आकारमान आणि मोल स्थिर, P/T सारखं. तापमानं २९० आणि ३२०. इथे बहुतेक मुलं ३२ × ३२०/२९० करून ३५.३ लिहितात, आणि तेही चूक आहे. पंपाचा काटा बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असलेला दाबच दाखवतो. रिकाम्या, बसलेल्या टायरला तो शून्य दाखवतो, पण त्यात हवा असतेच. म्हणजे काट्याचा शून्यही सेल्सिअससारखाच सोयीचा शून्य आहे. त्यात वातावरणाचे १४.७ मिळव: ४६.७. मग ४६.७ × ३२०/२९० = ५१.५. त्यातून १४.७ वजा केले की काटा ३६.८ दाखवेल. म्हणून हवा टायर गार असताना तपासायची असते. प्रश्नात ‘गेज’ किंवा ‘काटा’ असा शब्द नसेल तर दिलेला दाब पूर्ण दाब समज आणि काही मिळवू नकोस.

आणखी एक चूक पेपर तपासताना मला सारखी दिसते. ‘तापमान ५० अंशांनी वाढवलं’ असं असेल तर त्या ५० मध्ये २७३ मिळवायचे नाहीत. केल्विनचा एक अंश सेल्सिअसच्या एका अंशाएवढाच असतो, म्हणून फरक तोच राहतो. आधी सुरुवातीचं तापमान केल्विनमध्ये कर, मग त्यात ५० मिळव. उत्तर सेल्सिअसमध्ये मागितलं असेल तर शेवटच्या ओळीत २७३ वजा कर, त्याआधी नाही.