पहिल्या एकटीच्या प्रवासाचा लेख मनाला भिडेल आणि शोधातही सापडेल, असा कसा लिहू?

प्रश्न: सोलापूरहून पहिल्यांदाच एकटी विजापूरला जाऊन आले. लेख मनापासूनचाही हवा आणि गुगलवर सापडायलाही हवा. मांडणी कशी करू?

उत्तर: मथळा शोधणाऱ्यासाठी लिहा, पहिला परिच्छेद वाचणाऱ्यासाठी. 'माझी पहिली भरारी' असं कोणी गुगलवर टाकत नाही. 'सोलापूर ते विजापूर: एकटीने केलेला पहिला प्रवास' हे चालेल. कर्नाटक सरकारचं 'विजयपुरा' हे नाव मजकुरात एकदा येऊ द्या.

सुरुवात मात्र स्टँडवरून नको, थेट गोल घुमटाच्या सज्जातून करा. तिथे एका टोकाला कुजबुजलं की समोरच्या टोकाला ऐकू येतं. पण तुमच्या समोर कोणीच नव्हतं! एकटीने टाळी वाजवली आणि तीच पुन्हा पुन्हा परत आली, तेव्हा काय वाटलं? तुमचा खरा लेख तिथे आहे. फक्त 'सोलापूर', 'विजापूर' आणि 'एकटी' हे शब्द याच परिच्छेदात सहज यायला हवेत.

मग मागे जा. उपशीर्षकं लोक विचारतात तशी ठेवा: 'सोलापूरहून विजापूरला कसं जायचं?', 'एकटीला सुरक्षित वाटतं का?' दुसऱ्याखाली सल्ले नकोत; जिन्याच्या अरुंद पायऱ्या चढताना मागून पावलं ऐकू आली तर तुम्ही काय केलंत, ते लिहा. बसचं भाडं, वेळा वेगळ्या छोट्या परिच्छेदात टाका, म्हणजे बदलल्या की तेवढंच दुरुस्त करता येईल. घुमटाचा इतिहास दोन ओळींत आटपा, तो सगळीकडे मिळतो.

फोटोत काय आहे ते गुगलला सांगणाऱ्या पर्यायी मजकुरात, म्हणजे 'alt text'मध्ये, 'IMG_2041' नको, 'गोल घुमटाचा सज्जा, विजापूर' लिहा.