'कोटेशन पाठवा' म्हणून गायब होणारी पार्टी

प्रश्न: फ्रीलान्स सॉफ्टवेअरची कामं घेतो, पुण्यातच. पहिला कॉल छान होतो, मग 'कोटेशन पाठवा' म्हणतात आणि गायब. कॉलवर नक्की काय विचारायचं? काम पक्कं कसं करायचं?

उत्तर:

पार्टीचं आज किती नुकसान होतंय हे कॉलवर निघालं नाही, तर तुमचा कुठलाही आकडा तिला महागच वाटणार. त्यामुळे फीचर्सची यादी नंतर, आधी नुकसान.

भोसरी एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपच्या मालकांना 'स्टॉकसाठी ॲप' हवं होतं. मी विचारलं, "स्टॉकचा घोळ शेवटचा कधी झाला? त्या दिवशी काय काय झालं?" 'तुमच्या अडचणी काय' असं विचारलं की लोक मोघम बोलतात, घडलेला प्रसंग विचारला की तपशील येतो. एक्सेलमध्ये कटिंग टूलचे इन्सर्ट शिल्लक दिसत होते, कपाटात नव्हते. दोन सीएनसी चार तास उभ्या. मशीनचा तास ते 600 रुपये धरतात, म्हणजे 4,800 तिथेच गेले. वर ओव्हरटाइम आणि घाईची खरेदी, असे सगळे मिळून दहा हजार. "महिन्यातून किती वेळा?" "दोनदा तरी." वर्षाचे 2 लाख 40 हजार त्यांनीच मोजले. अशा वेळी आपण गप्प बसायचं.

पुढचा प्रश्न, "आधी काय करून पाहिलंत?" एक सॉफ्टवेअर घेतलेलं होतं, पण स्टोअरवाला एंट्रीच करत नव्हता. म्हणजे गरज मोठ्या ॲपची नव्हती. माल देताना खिडकीवरच बारकोड स्कॅन झाला की भागणार होतं. मग "पैशाचा निर्णय कोण घेतं?" तर धाकटे भाऊ, जे कॉलवर नव्हते! बजेट विचारलं की कोणी सांगत नाही. मीच म्हणतो, "अशी कामं दीड ते अडीच लाखांत होतात, जमेल का?" सूर लगेच कळतो.

काम पक्कं करायचं तर कोटेशनवर कॉल संपवू नका. मी म्हणालो, "आत्ता आकडा दिला तर तो अंदाजपंचे असेल. दोन दिवस तुमच्या स्टोअरमध्ये बसतो आणि आराखडा, किंमत लेखी देतो. त्याचे 15,000, जीएसटी वेगळा. काम मला दिलंत तर तेवढे बिलातून वजा." भावासोबतच्या कॉलची वेळ फोन ठेवायच्या आधीच ठरवली. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर चार-पाच ओळी टाकल्या: त्यांचाच हिशेब, दोन दिवसांत काय मिळेल आणि काय मिळणार नाही. भावाने पहिल्यांदा वाचलं ते 2 लाख 40 हजार. पुढे काम 1 लाख 80 हजारांना ठरलं, 40 टक्के ॲडव्हान्स.

'कळवतो' म्हणाले तर "कधी फोन करू?" एवढंच विचारा. वार सांगता येत नसेल तर ती पार्टी यादीतून काढा. 15,000 ला कां-कूं करणारा पुढे मोठ्या बिलालाही रडवतो. आणि हिशेबात नुकसान वर्षाला तीस-चाळीस हजारच निघालं, तर एक्सेलच नीट करून घ्या असं मी सरळ सांगतो.