गोळीचे नाव नव्हे, घटक आणि आठवडा

“सहावा महिना चालू आहे. सर्दी, ताप आणि डोकेदुखीवर घरात होती ती गोळी घेतली आणि नंतर कळले की गरोदरपणात ती चालत नाही. आता अंगात ताप असला तरी काही घ्यायला हात धजत नाही. नेमके काय चालते आणि काय चालत नाही?”

हा प्रश्न माझ्याकडे जवळजवळ दर आठवड्याला येतो. ज्या भगिनीची हकीकत येथे सांगते, तिच्याशी चार भेटींत बोलणे झाले. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. ती आली तेव्हा तिला बाविसावा आठवडा होता. बोलताना तिचा सारा रोख घेऊन झालेल्या गोळ्यांवर होता. मला मात्र तिचा लाल, तापलेला चेहरा दिसत होता, म्हणून मी आधी तेच विचारले.

“काल रात्री ताप किती होता?”

“एकशे दोन.”

“मग काय घेतलेत?”

“काहीच नाही, मॅडम. पुन्हा चूक नको.”

अपराधभाव मनुष्याला सावध करतो असे आपण समजतो. माझा अनुभव वेगळा आहे. तो मनुष्याला एकाच मागच्या गोष्टीकडे पाहायला लावतो आणि समोरची गोष्ट दिसेनाशी करतो. चढलेला ताप तसाच अंगावर काढणे हेही गर्भाच्या हिताचे नाही. विशेषतः पहिल्या काही आठवड्यांत, जेव्हा गर्भाचा मेंदू आणि पाठीचा कणा आकार घेत असतात, तेव्हाच्या तीव्र तापाचा संबंध मज्जारज्जूच्या जन्मजात दोषांशी आढळला आहे. म्हणून त्याच दिवशी तिने डॉक्टरांना फोन करून पॅरासिटामॉल घेतले आणि आमचे पुढचे बोलणे ताप उतरल्यावर झाले.

गरोदरपणात ताप आणि वेदना यांसाठी पहिली निवड पॅरासिटामॉलच मानली जाते. मात्र ते गरजेपुरते, कमीत कमी मात्रेत आणि कमीत कमी दिवस घ्यायचे असते. साधारणपणे ५०० मिलिग्रॅम ते १ ग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर आणि चोवीस तासांत ४ ग्रॅमपेक्षा अधिक नाही, अशी प्रौढांसाठीची मर्यादा आहे. वजन कमी असेल किंवा यकृताचा विकार असेल, तर ही मर्यादा आणखी खाली येते आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची असते. पॅरासिटामॉलमुळे मुलांत स्वमग्नता येते, ही भीती अलीकडे अनेक जणी घेऊन येतात. स्वीडनमधील चोवीस लाखांहून अधिक मुलांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सख्ख्या भावंडांची परस्परांशी तुलना केल्यावर असा संबंध उरला नाही, एवढे मी त्यांना सांगते.

दुसऱ्या भेटीला मी तिला घेतलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप आणायला सांगितल्या आणि त्या टेबलावर उलट्या ठेवल्या, म्हणजे छापील घटकांची बाजू वर. “ठळक अक्षरातले नाव विसरा. बारीक अक्षरांत काय लिहिले आहे ते मोठ्याने वाचा,” असे मी म्हटले. पहिली सर्दीची गोळी होती. त्यात पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन होते. दुसरी तापाची, केवळ पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम. तिसरी डोकेदुखीची, आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम.

वाचता वाचता ती थांबली. “म्हणजे पहिलीत आणि दुसरीत एकच औषध आहे?”

या क्षणाची मी वाट पाहत असते आणि तो मी स्वतः कधी उरकत नाही. हिशेब तिनेच केला. त्या दिवशी सर्दीच्या तीन गोळ्या म्हणजे १५०० आणि तापाच्या दोन म्हणजे १३००, एकूण २८०० मिलिग्रॅम. मर्यादेच्या आत. पण दोन्ही गोळ्या चार-चार वेळा घेतल्या असत्या, तर बेरीज ४६०० झाली असती आणि आपण मर्यादा ओलांडली हे तिला कळलेही नसते. तोवर ती “चांगली गोळी, वाईट गोळी” असे बोलत होती. त्या बेरजेनंतर ती “घटक” हा शब्द वापरू लागली. माझ्या दृष्टीने भीती तिथे उतरू लागली.

फेनिलेफ्रिन आणि त्याच जातीचे स्यूडोएफेड्रिन नाकातील रक्तवाहिन्या आकुंचित करून चोंदलेले नाक मोकळे करतात. तोंडाने घेतल्यावर हा परिणाम शरीरभर होऊ शकतो आणि रक्तदाब वाढू शकतो, म्हणून गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तिमाहीत आणि रक्तदाबाचा त्रास असताना, ते टाळणे बरे. शिवाय तोंडाने घेतलेल्या फेनिलेफ्रिनचा नाक मोकळे करण्यास काही उपयोग होत नाही, असे मत अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने २०२३ मध्ये दिले. ज्याचा लाभ नाही त्याची जोखीम कशाला घ्यावी? नाकासाठी मिठाच्या पाण्याचे थेंब आणि वाफ पुरेशी असते. वाहत्या नाकाला क्लोरफेनिरामिन, लोराटाडिन किंवा सेटिरिझिन डॉक्टरांना विचारून चालते, पण पहिल्याने झोप येते.

आता आयबुप्रोफेन, कारण तिची खरी भीती त्याचीच होती. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन आणि मेफेनामिक आम्ल ही सगळी एकाच कुळातली. ती शरीरातील प्रोस्टाग्लँडिन नावाचे रसायन कमी करून वेदना शमवतात, परंतु गर्भाच्या मूत्रपिंडाला पुरेसे रक्त मिळण्यासाठी तेच प्रोस्टाग्लँडिन लागते. साधारण विसाव्या आठवड्यानंतर गर्भजल मुख्यतः गर्भाच्या लघवीतूनच तयार होते, त्यामुळे मूत्रपिंड मंदावले की गर्भजल घटू लागते. तिसाव्या आठवड्याच्या सुमारास दुसरी जोखीम वाढते. जन्मापूर्वी फुफ्फुसांना वळसा घालून रक्त नेणारी वाहिनी अकाली आवळली जाऊ शकते. म्हणूनच अमेरिकेच्या त्याच औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२० मध्ये विसाव्या आठवड्यापासून ही औषधे टाळण्याची सूचना दिली. पहिल्या तिमाहीतही ती आपणहून घेऊ नयेत. डॉक्टर कमी मात्रेची ॲस्पिरिन देतात ती वेगळ्या हेतूने, रक्तदाबाची गुंतागुंत टाळण्यासाठी, आणि ती भीतीपोटी स्वतःहून बंद करू नये.

“मी दोन दिवसांत तीन घेतल्या,” ती म्हणाली. गर्भजल घटण्याचा परिणाम बहुधा काही दिवस ते काही आठवडे सलग औषध घेतल्यावर दिसतो आणि औषध थांबवल्यावर बऱ्याचदा भरून येतो. तरीही हे डॉक्टरांपासून लपवायचे नाही, असा माझा आग्रह होता. तिने डॉक्टरांना सांगितले, त्यांनी सोनोग्राफीत गर्भजल मोजले आणि ते पुरेसे होते.

डोकेदुखीबाबत मी तिला एक अपवाद बजावून सांगितला. विसाव्या आठवड्यानंतर तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणे किंवा धूसर दिसणे, वरच्या पोटात दुखणे किंवा चेहऱ्यावर अचानक सूज येणे असे काही झाले, तर गोळी घेऊन वाट पाहत बसायचे नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब तपासायचा. पॅरासिटामॉलने न उतरणाऱ्या किंवा दोन दिवसांहून अधिक टिकणाऱ्या तापाचे आणि धाप लागण्याचेही तसेच. आणि कोडीनयुक्त खोकल्याचे औषध आपल्या मनाने घ्यायचे नाही. प्रसूती जवळ असताना ते घेतल्यास बाळाचा श्वास मंदावू शकतो.

एकतिसाव्या आठवड्यात तिचा फोन आला. पाठीसाठी घरातल्यांनी मलम आणले होते. “ट्यूब उलटी करून वाचली, मॅडम. डायक्लोफेनॅक आहे. त्वचेवरून जाते, तरी तेच कूळ ना?” तेच कूळ, मी म्हटले, त्वचेतून रक्तात कमी जाते खरे, पण शेवटच्या तिमाहीत तेही नको. तिने ते लावलेच नव्हते. शेक आणि गरजेपुरते पॅरासिटामॉल चालेल का, हे ती डॉक्टरांना आधीच विचारून मोकळी झाली होती.